कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं, पाळी चुकली, उजवीकडे ओटीपोटात कळ आणि चक्कर. सकाळपर्यंत थांबावं का?

नीरजा_पुणे (सायंकाळी ७:४०)
वहिनीबद्दल विचारतेय. वय ३१, दोन मुलं. धाकट्याच्या वेळी सिझर झालं तेव्हाच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही करून घेतलं, त्याला चार वर्षं झाली. पाळी एरवी घड्याळासारखी, या वेळी ११ दिवस उशीर. कालपासून तपकिरी डाग पडतोय, पॅड भरेल इतकं काही नाही. आज दुपारी तीनच्या सुमाराला उजवीकडे ओटीपोटात अचानक जोरात कळ आली. आता कळ जरा बोथट झालीय, पण उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. संडासला जोर येतो, जाऊन आली तरी होत काही नाही. ताप नाही, उलटी नाही. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन आणि पित्ताची गोळी दिली. भाऊ म्हणतो गॅस आहे. ते तालुक्यापासून १८ किमीवर आहेत. अपेंडिक्स असेल का? सकाळी नेलं तर चालेल?

लेबररूम (७:४६)
सकाळी नाही, आत्ता. गाडी तयार होईपर्यंत शेजारच्या मेडिकलमधून प्रेग्नन्सीचं कार्ड आणायला सांगा, पण कार्डासाठी निघणं थांबवू नका.

चुकलेली पाळी, एका बाजूची कळ आणि थोडासा डाग एवढं असलं तरी नळीत गर्भ आहे का हे पाहावंच लागतं. त्यात उभं राहिल्यावर अंधारी येतेय, म्हणजे पोटात रक्त साचत असण्याची शक्यता धरून चालायचं. संडासला जोर येऊन काही न होणं हेही त्यातलंच. पिशवीच्या मागे, गुदाशयाला लागून एक खोलगट जागा असते. पोटातलं रक्त सगळ्यात आधी तिथे उतरतं आणि बाईला वाटतं पोट साफ होत नाही. अशा पेशंटला गॅसचं किंवा जुलाबाचं औषध देऊन घरी पाठवलं जातं ते याच कारणाने.

डाग किती पडतोय यावरून अंदाज बांधू नका. बाहेर दिसतं ते पिशवीचं अस्तर सुटल्याचं थोडं रक्त. नळी फुटली तर रक्त पोटाच्या पोकळीत जातं, बाहेर येत नाही. पॅड कोरडं आणि पोटात लिटरभर रक्त, असं होऊ शकतं.

मोरपीस (७:५१)
काळजी करू नका हो. पाळीच्या मधल्या दिवसांत अंडं सुटताना एका बाजूला असंच दुखतं, थोडा डागही पडतो. मला दर दोन-तीन महिन्यांनी होतं. गरम पाण्याची पिशवी धरा, ओवा-सैंधव घ्या, एका दिवसात जातं.

लेबररूम (७:५३)
मोरपीस, ते दुखणं पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी येतं. इथे पाळीची तारीख उलटून ११ दिवस झालेत आणि उभं राहवत नाहीये. नीरजा, काहीही खायला-प्यायला देऊ नका, ओवाही नको. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

जेनेरिकवाला (७:५८)
मी मेडिकलमध्ये बसतो. नळ्या बांधलेल्या असतील तर कार्ड निगेटिव्हच येणार, उगाच वेळ जाईल. माझ्या मते अंडाशयावरची गाठ पीळ खाऊन बसली असावी, त्यातही एकदम एका बाजूला कळ येते. आणि हो, गरम पिशवी नकोच, शेकलं की नळी फुटते.

लेबररूम (८:०५)
पीळ पडलेली गाठ ही शंका रास्त आहे. ती असली तरी आज रात्रीच हॉस्पिटल लागेल. मात्र शेकल्याने नळी फुटते याला काही आधार नाही. शेकण्याचा तोटा एवढाच की दोन-तीन तास "बरं वाटतंय का बघू" यात जातात.

नळ्यांचं मात्र उलटं आहे. ऑपरेशननंतर गर्भ राहणं दुर्मीळच, पण राहिलाच तर साधारण तीनात एकदा तो पिशवीबाहेर असतो. अमेरिकेत १० हजारांहून जास्त बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला होता. ऑपरेशननंतरच्या १० वर्षांत हजारात सुमारे ७ जणींना पिशवीबाहेरचा गर्भ राहिला. याचं कारण नळी जोडली जाते तिथे आहे. कापलेल्या दोन टोकांमध्ये कधीकधी केसासारखी बारीक वाट तयार होते. शुक्रजंतू तिच्यातून पलीकडे जातो, पण फलित झालेलं अंडं त्याच्या कितीतरी पट मोठं असतं, ते परत पिशवीकडे येऊ शकत नाही. मग ते अंडाशयाकडच्या तुकड्यातच रुजतं. म्हणून "ऑपरेशन झालंय" हे ऐकल्यावर कार्ड टाळायचं नाही, उलट आधी करायचं. ऑपरेशनला किती वर्षं झाली यावरही जाऊ नये.

नीरजा_पुणे (८:१४)
कार्ड केलं. एक रेघ ठळक, दुसरी अगदी पुसट. भाऊ म्हणतो पुसट म्हणजे नाहीच.

जेनेरिकवाला (८:१६)
पाच मिनिटांच्या आत दिसली ना? मग पुसट असली तरी पॉझिटिव्ह. तासाभराने उगवलेली रेघ धरत नाहीत. ऑपरेशनबद्दलचं माझं म्हणणं चुकीचं ठरलं, लगेच निघा.

भूलवाला (८:२१)
आता बाकी सगळं बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, आणि त्यांना पोटात दुखतंय एवढंच सांगू नका. "कार्ड पॉझिटिव्ह आहे, पोटात दुखतंय, उभं राहिलं की चक्कर येते, नळीतला गर्भ फुटल्याची शंका आहे" असं सांगा. रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने निघा. मागच्या सीटवर आडवं झोपवून पाय उशीवर उंच ठेवा. मोटरसायकलवर मध्ये बसवून अजिबात नेऊ नका. चालत्या गाडीवर शुद्ध गेली तर सावरता येत नाही.

कुठे न्यायचं हे त्याहून महत्त्वाचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लागेल, ऑपरेशन होणार नाही. जवळच्या खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी असेल, पण रात्री भूल देणारं कुणी येतं का आणि रक्त मिळतं का, हे निघायच्या आधी फोनवर विचारा. एकाचंही उत्तर नाही असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. दोन ठिकाणी थांबून तिसरीकडे पोचायचं, यात जीव जातात.

वहिनींचा रक्तगट सिझरच्या कागदांवर असेल. ते कागद आणि आधार कार्ड बरोबर घ्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीला कायद्याने फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्र नसलं की तिथे खोळंबा होतो. आणि रक्त देऊ शकतील असे दोघं-तिघं मागून येऊ देत.

नीरजा_पुणे (८:२९)
गाडी निघाली. वहिनी म्हणते झोपल्यावर उजवा खांदा दुखतोय. तो कशाने?

भूलवाला (८:३१)
पोटातलं रक्त झोपल्यावर वर सरकून श्वासपटलाला लागतं. श्वासपटलाची आणि खांद्याची नस मानेतून एकाच जागेवरून येते, म्हणून दुखतं खांद्यात. खांद्याला काहीही लावू नका. हॉस्पिटलमध्ये पहिल्या वाक्यातच हे सांगा, ऐकणाऱ्याला बरोबर कळेल.

नीरजा_पुणे (९:३५)
जिल्हा रुग्णालयात पोचले. नाडी ११२, बीपी १००/६०, हिमोग्लोबिन १०.४. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी भावाला सांगितलं की बीपी आणि हिमोग्लोबिन ठीक आहे. मग घाबरायचं कारण नाही ना?

भूलवाला (९:४१)
हे दोन्ही आकडे या घडीला फसवे आहेत. तरुण बाईचं शरीर बराच वेळ सावरून धरतं. रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते आणि बीपी जागेवर दिसतं. बरंच रक्त गेल्यावर ते एकदम कोसळतं. म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागून बघतात. इथे ११२ भागिले १०० म्हणजे १.१२. निरोगी माणसात हे साधारण ०.५ ते ०.७ असतं, ०.९ च्या पुढे गेलं की आतून रक्त जातंय असं समजून तयारीला लागायचं. याला एक अपवाद आहे. पोटात रक्त असूनही काहींची नाडी वाढत नाही, उलट मंदावते. नाडी ७० आहे म्हणून कुणाला परत पाठवू नये ते यामुळे.

हिमोग्लोबिनचंही तसंच. जातं ते अख्खं रक्त, पाणी आणि पेशी दोन्ही. त्यामुळे उरलेल्या रक्ताची दाटी सुरुवातीला तेवढीच मोजली जाते. सलाईन चढल्यावर आणि काही तास गेल्यावर आकडा खाली येतो. १०.४ हा आत्ताचा आकडा आहे, दोन तासांनी तोच राहील असं नाही.

भावाने आत्ता एवढंच विचारावं: दोन्ही हातांना जाड सुया लागल्या का, आणि रक्त जुळवायला नमुना गेला का.

किरणोत्सर्ग (९:५२)
मी सोनोग्राफी करतो. आतून केलेल्या तपासणीत पिशवी रिकामी आहे का, नळीच्या जागी गोळा आहे का आणि पाणी कुठवर आहे, हे तीन बघतात. त्यातलं पाणी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पिशवीच्या मागे चमचाभर पाणी निरोगी बाईतही दिसतं. पण प्रोब वर, उजव्या बरगडीखाली नेऊन यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधे काळी पट्टी दिसली, तर रक्त भरपूर आहे आणि ऑपरेशन जवळपास नक्की. एका मिनिटाचं काम आहे, पण फक्त ओटीपोट बघून रिपोर्ट लिहिला तर हे निसटतं.

दुसरी फसगत पिशवीच्या आत होते. नळीत गर्भ असताना पिशवीच्या मधोमध थोडं द्रव साचून गर्भाच्या थैलीसारखं दिसू शकतं. घाईत त्याला "पाच आठवड्यांचा गर्भ, पिशवीत" लिहिलं की सगळे निर्धास्त होतात. खरी थैली अस्तरात एका बाजूला रुतलेली असते, भोवती पांढरी दुहेरी कड असते आणि पुढे आत पिवळ्या बलकाची छोटी गोल कडी दिसते. ती कडी दिसेपर्यंत मी "पिशवीतच आहे" असं लिहीत नाही.

नीरजा_पुणे (१०:१८)
सोनोग्राफी झाली. पिशवी रिकामी, उजवीकडे ३.८ सेंमीचा गोळा, यकृतापाशी पाणी आहे. लगेच ऑपरेशनला घेतायत. पोट उघडून करणार म्हणे, दुर्बिणीने नाही. दुर्बिणीसाठी दुसरीकडे हलवावं का?

लेबररूम (१०:२१)
हलवू नका. रक्त वाहत असताना सगळ्यात लवकर नळीला चिमटा कुठे लागेल तेच बघायचं. स्थिर पेशंटसाठी दुर्बीण चांगली, टाका लहान, दोन दिवसांत घरी. इथे मिनिटं मोजायची आहेत.

भाऊ सही करतील तेव्हा एक विचारून ठेवा: उजवी नळी काढतीलच, पण डावीचा उरलेला तुकडाही काढणार का? वहिनींना मूल नकोच आहे आणि एका नळीने दगा दिलाय. तब्येत स्थिर असेल तर तीही काढली की पुन्हा हा प्रसंग येण्याची शक्यता फारच कमी होते. रक्तदाब सावरत नसेल तर सर्जन हात लावणार नाहीत, तेही योग्यच.

भूलवाला (१०:२७)
या ऑपरेशनला पोट पुसून, कापड अंथरून, सर्जन चाकू हातात घेऊन उभे राहिल्यावर मग भूल सुरू करतात. आवळलेल्या रक्तवाहिन्या भुलेने सैल पडतात, आणि पोट उघडलं की साचलेल्या रक्ताचा दाबही जातो. त्या दोन मिनिटांत बीपी पडतं. बाहेर थांबलेल्यांना वाटतं आत नेऊन वेळ काढतायत, पण ही तयारीच जीव वाचवते.

अबोली२८ (१०:४४)
मध्येच विचारते, माफ करा. हे वाचून झोप उडाली. मला पाच आठवडे दोन दिवस झालेत, मूल हवं आहे. गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणारं बीटा एचसीजी ६४० होतं, ४८ तासांनी ८६०. सोनोग्राफीत अजून काहीच दिसत नाही. दुखत नाही, डागही नाही. म्हणजे मलाही हेच आहे का?

किरणोत्सर्ग (१०:५३)
८६० ला सोनोग्राफीत काही न दिसणं अपेक्षितच आहे. थैली कितीला दिसायलाच हवी यावर आमच्यात मतभेद आहेत. बरेच जण अजून १५०० धरतात. मी ३५०० पर्यंत थांबावं या मताचा आहे, कारण १५०० वर निकाल देऊन चांगले गर्भ गेलेले आहेत.

लेबररूम (१०:५८)
मी पूर्ण सहमत नाही. ३५०० पर्यंत थांबणं ठीक, पण पेशंट रोज येऊ शकते का आणि हॉस्पिटलपासून किती लांब राहते हे बघून. खेड्यात राहणाऱ्या बाईला मी तेवढी मोकळीक देत नाही.

अबोली, ६४० वरून ८६० म्हणजे ३४ टक्के वाढ. एवढ्या खालच्या आकड्यावर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. त्यामुळे लक्ष ठेवायला हवं हे खरं. पण हळू वाढ पिशवीतच बिघडलेल्या गर्भातही असते. आकडा जागा सांगत नाही. म्हणून अजून ४८ तासांनी तिसरी तपासणी, त्याच लॅबमध्ये, कारण दोन लॅबच्या किट वेगळ्या असल्या तर आकड्यांची तुलना होत नाही.

जेनेरिकवाला (११:०४)
अशा वेळी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात ना? मग ऑपरेशन टळतं.

लेबररूम (११:१३)
देतात, पण अबोलीला आज नाही. ते पेशींची वाढ थांबवतं आणि नळीतला गर्भ व पिशवीतला चांगला गर्भ यात फरक करत नाही. निदान पक्कं झाल्यावर, पेशंट स्थिर, दुखणं फारसं नाही, गर्भाचे ठोके नाहीत आणि एचसीजी फार चढलेलं नाही, अशा वेळी देतात. डोस उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर, दर चौरस मीटरला ५० मिग्रॅ. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात, चौथ्यापेक्षा सातव्याला १५ टक्के तरी उतरायला हवं. चौथ्या दिवशी आकडा पहिल्यापेक्षा वाढलेला दिसतो, त्याने घाबरायचं नसतं. इंजेक्शन मिळाल्यावर फॉलिक ॲसिड बंद करायचं, कारण ते त्या औषधाच्या आड येतं. मूल हवं म्हणून सुरू केलेली गोळी बायका तशीच घेत राहतात आणि कुणी विचारत नाही. अबोली, तुम्हाला इंजेक्शन दिलेलं नाही, त्यामुळे तुमची फॉलिक ॲसिडची गोळी चालू ठेवा.

जेनेरिकवाला, तुमच्या काउंटरवरची एक गोष्ट. कार्ड पॉझिटिव्ह आल्यावर सोनोग्राफी न करता गर्भपाताचं पाच गोळ्यांचं किट मागायला येतात. त्या गोळ्या पिशवीवर काम करतात, नळीतला गर्भ त्यांनी जात नाही. पण पिशवीचं अस्तर पडून रक्त येतं, घरच्यांना वाटतं झालं मोकळं. मग आठवड्याने नळी फुटते आणि ते दुखणं गोळ्यांचंच समजून अंगावर काढलं जातं.

जेनेरिकवाला (११:२०)
चिठ्ठीशिवाय देऊच नये, तरी दिलं जातं हे खरं आहे. यापुढे चिठ्ठी दिसली तरी सोनोग्राफी झाली का, हे मी विचारणार.

नीरजा_पुणे (रात्री १२:५०)
ऑपरेशन झालं. उजवी नळी फुटलेली होती, १२०० मिली रक्त निघालं. डावीचा तुकडाही काढला. नंतरचं हिमोग्लोबिन ७.२, एक पिशवी रक्त दिलं, दुसरी लावतायत. वहिनी शुद्धीवर आहे. रक्तगट बी निगेटिव्ह आहे. सिस्टर कसल्यातरी इंजेक्शनबद्दल म्हणाल्या, पण भाऊ म्हणतो आता मूल होणारच नाही, मग कशाला?

लेबररूम (१२:५८)
ते अँटी-डी. ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. गर्भाचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात. बारा आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतं, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ३०० चीच कुपी असते, ती दिली तरी चालते. दोन्ही नळ्या गेल्यात, त्यामुळे भावाचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. तरी मी देईन. पुढे आयुष्यात मन बदललं तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतोच, आणि प्रतिद्रव्यं एकदा झाली की जात नाहीत. मूल नकोच हे वहिनींनी स्वतः सांगितलं तर डॉक्टर त्यांच्याशी बोलून ठरवतील. भावाने परस्पर नाही म्हणू नये.

भूलवाला (१:०३)
रक्त देतानाही निगेटिव्हच पिशव्या आहेत ना, हे ब्लड बँक बघतेच, तरी भावाने पिशवीवरचं लेबल वाचावं. आणि काढलेली नळी तपासणीला पाठवली का ते विचारा. तो रिपोर्ट फाइलमध्ये हवा.

अबोली२८ (१:१०)
नीरजा, वहिनींना आराम पडो. माझा तिसरा रिपोर्ट बुधवारी आहे. तोवर दुखलं तर?

लेबररूम (१:१४)
एका बाजूला कळ, अंधारी, खांद्यात दुखणं किंवा संडासला विनाकारण जोर, यातलं एकही आलं तर बुधवारची वाट बघायची नाही, रात्री असली तरी निघायचं. तुमचा रक्तगट आणि जवळचं रक्त मिळणारं हॉस्पिटल आज घरच्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवा. बुधवारी आकडा आला की इथे टाका, वाढ अशीच असेल तर पुढची सोनोग्राफी कधी करायची ते किरणोत्सर्ग आणि मी बहुधा वेगवेगळं सांगू. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.